अकाउंट पुन्हा पुन्हा लॉक होतंय? आधी हे तपासा, मग हेल्पडेस्कला असं पत्र लिहा

पासवर्ड बरोबर टाकला आहे, तरी विंडोजच्या लॉगइन पडद्यावर हे येतं:

```
The referenced account is currently locked out and may not be logged on to.
```

हेल्पडेस्कला फोन केला की ते अनलॉक करून देतात आणि काम सुरू होतं. तासाभरात शेअर फोल्डर उघडेनासा होतो, किंवा जेवून आल्यावर पडद्यावर पुन्हा तोच संदेश असतो. परत फोन, परत अनलॉक. हे दोन-तीन दिवस चाललं की दोन्ही बाजू वैतागतात. कर्मचाऱ्याला वाटतं आयटीवाले नुसतं बटण दाबतात, आयटीवाल्यांना वाटतं हा माणूस पासवर्ड विसरतोय.

बहुतेक वेळा दोघांचंही चुकतं. पासवर्ड माणूस चुकीचा टाकत नसतो. कुठलं तरी यंत्र त्याच्या नावाने जुना पासवर्ड पाठवत असतं आणि नेमकं कुठलं ते शोधायला हवं. खालचं सगळं कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर चालणाऱ्या विंडोज मशीनला लागू आहे.

बाकीची लक्षणं अशी. लॉक झाल्यावरही उघडं असलेलं एक्सेल, ब्राउझर चालू राहतो, कारण आधीच झालेलं लॉगइन तुटत नाही. नवी परवानगी लागेल तिथेच अडतं: शेअर ड्राइव्ह, प्रिंटर, व्हीपीएन, स्क्रीन अनलॉक. काही न करता थोडा वेळ थांबलं तर बहुधा आपोआप उघडतं आणि नंतर परत लॉक होतं. आणि मागे पाहिलं तर गेल्या काही दिवसांत पासवर्ड बदललेला किंवा हेल्पडेस्ककडून रीसेट करून घेतलेला असतो.

संदेश नीट वाचा

यात खर्च काहीच नाही आणि हेल्पडेस्ककडे नोंदवलेल्या बऱ्याच तक्रारी, म्हणजे तिकिटं, इथेच भरकटतात. `The user name or password is incorrect. Try again.` असं दिसत असेल तर अकाउंट लॉक नाही, टाकलेला पासवर्डच जुळत नाही. `We can't sign you in with this credential because your domain isn't available` याचा अर्थ लॅपटॉप कंपनीच्या नेटवर्कपर्यंत पोचत नाही. `The trust relationship between this workstation and the primary domain failed` असेल तर दोष मशीनच्या खात्यात आहे आणि तुमच्या पासवर्डचा त्याच्याशी संबंध नाही. ही तिन्ही दुखणी वेगळी, त्यांचे उपायही वेगळे. ‘लॉगइन होत नाही’ एवढंच लिहिलेल्या तिकिटावरून समोरचा माणूस यातलं कुठलंही धरून चालू शकतो.

पासवर्ड चुकल्याचा संदेश असेल तर कॅप्स लॉक बघा, आणि लॉगइन पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली कीबोर्डची भाषाही बघा. मराठी टायपिंगसाठी देवनागरी कीबोर्ड जोडलेला असेल तर तो इथेही निवडलेला राहू शकतो. पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसत असल्याने ते लक्षात येत नाही. डोळ्याच्या चिन्हावर दाबून एकदा अक्षरं पाहून घ्या.

टाइप करणं थांबवा

लॉक असताना बरोबर पासवर्डही चालत नाही, म्हणून ‘एकदा परत बघू’ यातून काही हाती लागत नाही. उलट लॉक उघडल्या क्षणी घाईत एक-दोन चुका झाल्या तर त्या नव्या मोजणीत जमा होतात.

ही मोजणी कशी चालते हे समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा शोध तिच्यावर उभा आहे. डोमेनच्या धोरणात तीन आकडे असतात: किती चुकांनंतर लॉक करायचं, लॉक किती वेळ ठेवायचं, आणि शेवटच्या चुकीनंतर किती मिनिटांनी मोजणी शून्यावर आणायची. आकडे प्रत्येक कंपनीत वेगळे असतात. समजा ५ चुका, ३० मिनिटं आणि ३० मिनिटं. तिसरा आकडा शेवटच्या चुकीपासून मोजला जातो. म्हणजे एखादं यंत्र दर १० मिनिटांनी एकदाच चुकत असलं तरी मोजणी शून्यावर येतच नाही, कारण ३० मिनिटं शांततेची मिळतच नाहीत. पहिल्या चुकीनंतर बरोबर ४० मिनिटांनी पाचवी चूक होते आणि अकाउंट लॉक होतं.

मध्येच तुम्ही स्वतः बरोबर पासवर्डने लॉगइन केलं तर मोजणी शून्यावर जाते. त्यामुळेच जागेवर बसून स्क्रीन लॉक-अनलॉक करत काम चालू असेपर्यंत सगळं ठीक वाटतं आणि जेवणाच्या सुट्टीत किंवा लांबलेल्या मीटिंगमध्ये लॉक होतं. ‘मी जागेवर नसतानाच होतं’ ही तक्रार विचित्र वाटते, पण ती अगदी खरी असते आणि कामाची असते.

आणखी एक गोष्ट. पासवर्डचा इतिहास ठेवण्याचं धोरण चालू असेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरी इतिहासातल्या शेवटच्या दोन पासवर्डना माफ करते: त्यातला एखादा आला तर आत घेत नाही, पण चूक म्हणून मोजतही नाही. म्हणून पासवर्ड एकदा बदलल्यावर कुठेतरी जुना राहिला तरी बऱ्याचदा काही होत नाही. गडबड होते ती पुढच्या बदलानंतर. त्यातही हेल्पडेस्कने दिलेला तात्पुरता पासवर्ड इतिहासात एक जागा खातो, आणि तो वापरून तुम्ही लगेच स्वतःचा नवा ठेवता. एका रीसेटमध्ये दोन पायऱ्या पुढे गेल्यावर तिकडे कोपऱ्यात साठवलेला पासवर्ड माफीच्या बाहेर पडतो. ‘पासवर्ड तर मार्चमध्ये बदलला होता, त्रास जूनमध्ये का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथे असतं. म्हणून पत्रात फक्त शेवटचाच नाही, शेवटचे दोन-तीन बदल आणि रीसेट तारखांसह लिहायचे.

फोन

सर्वांत सोपा संशयित खिशात असतो. ऑफिसच्या वाय-फायला कर्मचाऱ्याच्या नाव-पासवर्डाने जोडायची पद्धत असेल तर फोनने तो पासवर्ड साठवलेला असतो. पासवर्ड बदलल्यावर फोन इमारतीत शिरताच जुन्याने जोडायचा प्रयत्न करतो, तेही एकापाठोपाठ अनेकदा. ऑफिसात पोचल्यावर काही मिनिटांत लॉक आणि घरून काम करताना काहीच त्रास नाही, असा नमुना दिसला तर आधी वाय-फाय धरा. फोनच्या सेटिंगमध्ये ते नेटवर्क ‘विसरा’ करा आणि नव्या पासवर्डने पुन्हा जोडा. नुसतं वाय-फाय बंद केलंत तर उद्या सवयीने परत चालू कराल. टॅबलेट आणि घरी पडलेला जुना ऑफिस-फोनही आठवा.

मेलचं थोडं वेगळं आहे. मेल सर्व्हर कंपनीच्याच खोलीत असेल तर फोनमधलं मेल ॲप दर काही मिनिटांनी जुना पासवर्ड पाठवू शकतं. मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर हा संशय बराच कमी होतो. तिथे ऑक्टोबर २०२२ पासून साध्या नाव-पासवर्डाची जुनी पद्धत बंद करत आणली गेली आणि ॲप आता पासवर्डऐवजी टोकनवर चालतं.

लॅपटॉपवर साठवलेले पासवर्ड

यासाठी प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. कमांड प्रॉम्प्ट उघडून:

```
cmdkey /list
net use
```

पहिली कमांड विंडोजने तुमच्यासाठी साठवलेल्या ओळखी दाखवते. `Domain:target=` नंतर फाइल सर्व्हरचं नाव किंवा `TERMSRV/` नंतर रिमोट डेस्कटॉपच्या सर्व्हरचं नाव असलेल्या आणि खाली `User:` मध्ये तुमचं कंपनीचं खातं असलेल्या नोंदी आपल्या कामाच्या. त्या काढायच्या:

```
cmdkey /delete:PUN-FS01
cmdkey /delete:TERMSRV/PUN-RPT01
```

`virtualapp/didlogical` सारखी अनोळखी नावं विंडोज स्वतः बनवतं, त्यांना हात लावू नका. काढण्याआधी यादी एका नोटपॅडमध्ये उतरवून ठेवा. ‘सगळं साफ केलं’ यापेक्षा ‘दोन नोंदी होत्या, त्या काढल्या’ हे हेल्पडेस्कला उपयोगी पडतं.

`net use` मध्ये जोडलेल्या ड्राइव्ह दिसतात. एखादी वेगळ्या नाव-पासवर्डाने, ‘लक्षात ठेव’ला टिक करून जोडलेली असेल तर ती `net use Z: /delete` ने काढून पुन्हा जोडा.

घरून काम करताना पासवर्ड वेबसाइटवरून बदलला असेल तर लॅपटॉपला ते कळलेलंच नसतं. तो आपल्या आठवणीतल्या जुन्या पासवर्डने तुम्हाला आत घेतो आणि पुढे नेटवर्कवर तोच वापरत बसतो. व्हीपीएन जोडा, विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा आणि नव्या पासवर्डने उघडा. एवढ्याने जुळतं.

बंद करून बघण्याची चाचणी

इथपर्यंत सापडलं नाही तर ही चाचणी करा. फुकट आहे, आणि आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा जास्त सांगते. हेल्पडेस्ककडून अनलॉक करून घ्या, लॅपटॉप पूर्ण शट डाउन करा (झाकण मिटणं पुरेसं नाही), फोन विमान मोडवर टाका आणि तासभर काहीही वापरू नका. दरम्यान शेजारच्या सहकाऱ्याला त्यांच्या मशीनवर हे चालवायला सांगा, तुमचं लॉगइन नाव घालून:

```
net user e20417 /domain
```

उत्तरात `Account active` या ओळीसमोर `Yes` किंवा `Locked` दिसतं. त्यात फक्त वाचायचं आहे, बदल काही होत नाही. पासवर्ड तर दिसत नाहीच, पण त्याच यादीतल्या `Password last set` मध्ये शेवटचा बदल केव्हा झाला ते कळतं. काही कंपन्यांत ही माहिती सामान्य वापरकर्त्याला बंद ठेवलेली असते. तसं असेल तर हेल्पडेस्कलाच फोनवर विचारा.

तासाभरात लॉक झालं नाही तर दोषी लॅपटॉप किंवा फोन. मग एकेक चालू करून पाहता येतं. सगळं बंद असूनही लॉक झालं तर तुमच्या हातातल्या कुठल्याही वस्तूचा दोष नाही. जुना पासवर्ड दुसऱ्या एखाद्या मशीनवर बसला आहे: रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीवर दाबून बंद केलेली आणि साइन आउट न केलेली, किंवा तुमच्या नावाने लावलेलं शेड्यूल टास्क, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, किंवा तुमच्या खात्यावर चालणारी एखादी सेवा.

इथे थांबा

यापुढचं काम हेल्पडेस्कचं आहे. सर्व्हरवर शिरून दुसऱ्यांची सत्रं बंद करणं, सेवांची खाती बदलणं, रजिस्ट्री उघडणं, मशीन डोमेनमधून काढून परत जोडणं यातलं काहीही करू नका. यूट्यूबवरचे बरेच उपाय मशीन डोमेनमधून काढायला सांगतात. त्याने लॉक थांबत नाही, कारण लॉक मशीनवर नसून डोमेनमधल्या तुमच्या खात्यावर असतो. वर स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड माहीत नसेल तर मशीनमध्ये शिरण्याचीच सोय उरत नाही. ‘लॉक होण्याची मर्यादा वाढवा’ अशी मागणीही करू नका. जुना पासवर्ड तसाच आदळत राहतो आणि फक्त लॉक उशिरा होतो.

एका परिस्थितीत मात्र वरचं काहीच न करता लगेच फोन करायचा. तुम्ही काही केलेलं नसताना फोनवर लॉगइन मंजूर करायची सूचना आली, किंवा लॉगइनच्या यादीत अनोळखी ठिकाण दिसलं, तर कोणीतरी बाहेरून पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत असू शकतं. ती सूचना नाकारा आणि वेळ सांगा. पत्र नंतर लिहिता येईल.

पत्र

आता मूळ काम. हेल्पडेस्कचा माणूस तुमचं पत्र वाचून डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये `4740` क्रमांकाची नोंद शोधणार असतो. खातं लॉक झालं की ती पडते आणि तिच्यात `Caller Computer Name` समोर, चुकीचा पासवर्ड ज्या मशीनकडून आला तिचं नाव असतं. ती नोंद चटकन सापडायला दोन गोष्टी लागतात: नेमकं लॉगइन नाव आणि नेमकी वेळ. मोठ्या कंपनीत हा लॉग इतक्या वेगाने भरतो की जुन्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून ‘गेल्या आठवड्यापासून’ यापेक्षा आजची १०:३१ ही वेळ मोलाची आणि ती आजच कळवायला हवी.

वेळ लिहिताना लॉक झाल्याची आणि लक्षात आल्याची वेळ एकच समजू नका. तुम्हाला दिसते ती दुसरी. मीटिंगमधून १०:३१ ला आलात म्हणून लॉक १०:३१ ला झालं असं नाही. आधीच्या अनलॉकची वेळही द्या, म्हणजे शोधायची खिडकी दोन्ही बाजूंनी बंद होते.

संदेश अक्षरशः टाइप करा. फोटो जोडलात तर चांगलंच, पण फोटोतला मजकूर शोधता येत नाही. आणि पासवर्ड, जुना असो वा नवा, पत्रात कधीच नको. खऱ्या हेल्पडेस्कला तो लागत नाही.

एका कारखान्याच्या खरेदी विभागातून गेलेलं असं पत्र कसं दिसेल ते पाहा. नावं आणि क्रमांक नमुन्याचे आहेत.

> विषय: `CORP\e20417` हे खाते वारंवार लॉक होते, लॅपटॉप व फोन बंद असतानाही झाले. स्रोत शोधून मिळावा.
>
> नमस्कार,
>
> माझे खाते `CORP\e20417`, लॅपटॉप `PUN-LT-0183`, जागा खरेदी विभाग, पहिला मजला. सोमवारपासून खाते रोज तीन-चार वेळा लॉक होत आहे. पडद्यावरील संदेश जसाच्या तसा:
>
> `The referenced account is currently locked out and may not be logged on to.`
>
> आजच्या, म्हणजे बुधवार १८ जूनच्या वेळा (लॅपटॉपच्या घड्याळाप्रमाणे):
> ९:४२ ला आपल्याकडून अनलॉक, ९:४३ ला लॉगइन झाले. १०:३१ ला मीटिंगहून आल्यावर लॉक आढळले.
> ११:०८ ला अनलॉक, ११:१० ला लॉगइन झाले. १२:१० ला शेअर फोल्डर उघडताना लॉक आढळले.
> १४:०२ ला अनलॉक. यानंतर लॅपटॉप शट डाउन आणि फोन विमान मोडवर होता. सहकाऱ्याने `net user e20417 /domain` चालवून पाहिले: १४:४० ला `Yes`, १४:५० ला `Locked`.
>
> पासवर्डचे बदल: मार्चमध्ये मुदत संपल्यामुळे बदलला. शुक्रवार १३ जूनला विसरल्यामुळे आपल्याकडून तात्पुरता घेतला व त्याच दिवशी नवीन ठेवला. मार्च ते १३ जून या काळात लॉक होण्याचा त्रास नव्हता.
>
> केलेल्या तपासण्या:
> कॅप्स लॉक व कीबोर्डची भाषा पाहिली, ठीक आहे.
> फोनमधून ऑफिसचे वाय-फाय काढून नव्या पासवर्डने जोडले. फरक नाही.
> `cmdkey /list` मध्ये `PUN-FS01` आणि `TERMSRV/PUN-RPT01` अशा दोन नोंदी होत्या, मंगळवारी काढल्या. फरक नाही.
> `net use` मध्ये वेगळ्या पासवर्डाने जोडलेली ड्राइव्ह नाही.
>
> रिमोट डेस्कटॉपने मी महिनाअखेरीस `PUN-RPT01` वर जाते. तिथे माझ्या नावाने सत्र किंवा टास्क राहिले आहे का, हे मला तपासता येत नाही.
>
> विनंती: वरील वेळांच्या `4740` नोंदींतील मशीनचे नाव पाहून जुना पासवर्ड कुठून येतो ते काढावे. तोपर्यंत नुसते अनलॉक करून तिकीट बंद करू नये. माझ्या लॅपटॉपवर काही बदल लागल्यास १६:०० नंतर वेळ मोकळा आहे. संपर्क विभागाच्या एक्स्टेंशनवर.
>
> आपली,
> खरेदी विभाग, कर्मचारी क्र. २०४१७

या पत्रात हेल्पडेस्कच्या माणसाला काय दिसतं ते बघा. तिसऱ्या नोंदीने लॅपटॉप आणि फोन बाद झाले, म्हणजे ‘फोनमध्ये मेल आहे का’ हा नेहमीचा पहिला प्रश्न टळला. प्रत्येक वेळी अनलॉकपासून लॉक आढळेपर्यंत पाऊण ते एक तास गेलेला दिसतो. त्यावरून धडाधड आपटणारं वाय-फाय नाही, ठरावीक अंतराने हळू चुकणारं काहीतरी आहे असा अंदाज येतो. आणि सर्व्हरचं एक नाव आधीच हातात आहे.

लॉग उघडल्यावर या उदाहरणात पत्रातल्या वेळांच्या `4740` च्या नोंदी १०:२५, ११:५५ आणि १४:४५ ला मिळतात. तिन्हींत मशीन एकच, `PUN-RPT01`. त्या सर्व्हरच्या लॉगमध्ये दर १० मिनिटांनी, ५ वर संपणाऱ्या मिनिटाला, `4625` ची अयशस्वी लॉगइनची नोंद आहे आणि तिच्यात `Logon Type` 4 आहे. चार म्हणजे शेड्यूल टास्क. गणित जुळतं: ९:४२ च्या अनलॉकनंतर चुका ९:४५, ९:५५, १०:०५, १०:१५ आणि १०:२५ ला, पाचव्या चुकीला लॉक. दुपारी १४:०५ ला पहिली, १४:४५ ला पाचवी. सहकाऱ्याला १४:४० ला `Yes` आणि १४:५० ला `Locked` दिसलं ते म्हणूनच.

टास्क सापडतं ते अहवालाच्या फाइली एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेणारं. कधीतरी कोणी तरी ते या खात्यावर `Run whether user is logged on or not` निवडून लावलं होतं आणि त्यासाठी तेव्हाचा पासवर्ड तिथे साठवला गेला. मार्चमध्ये पासवर्ड बदलल्यापासूनच ते बंद पडलेलं होतं. फाइली जात नव्हत्या, पण शेवटच्या दोनांच्या माफीमुळे खातं लॉक होत नव्हतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. १३ जूनला तात्पुरता आणि नवीन असे दोन पासवर्ड पुढे आले आणि साठवलेला माफीच्या बाहेर गेला.

मशीनचं नाव वेगळं आलं असतं तर शोधही वेगळा वळला असता. वाय-फाय किंवा व्हीपीएनची ओळख तपासणाऱ्या सर्व्हरचं नाव आलं तर फोन किंवा दुसरं एखादं उपकरण. मेल सर्व्हरचं नाव आलं तर कुठलं तरी मेल ॲप. तिथे मधला सर्व्हर फक्त निरोप पुढे देणारा असतो, आणि मूळ उपकरण त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये शोधावं लागतं. नाव रिकामं आलं तर डोमेन कंट्रोलरवरच्या `4771` नोंदीतला आयपी पत्ता बघतात. तिथे `0x18` हा कोड चुकीच्या पासवर्डाचा.

दुरुस्तीत एक मागणी जरूर करा. टास्कमध्ये तुमचा नवीन पासवर्ड भरून देऊ नका, नाहीतर पुढच्या बदलानंतर हेच चक्र सुरू. हेल्पडेस्ककडून ते टास्क सेवेसाठीच्या वेगळ्या खात्यावर हलवून घ्या, किंवा त्या फाइली आता कोणाला लागतच नसतील तर टास्क काढून टाकायला सांगा. मार्चपासून फाइली गेल्या नाहीत आणि कोणी विचारलं नाही, म्हणजे दुसरा पर्याय आधी विचारण्यासारखा आहे.

तिकीट लगेच बंद करू देऊ नका. दुरुस्तीनंतर पूर्ण एक दिवस, जेवणाच्या सुट्टीसकट, लॉक न होता गेला की त्याच तिकिटावर तसं लिहा. पुन्हा झालं तर नवं तिकीट काढू नका. त्याच धाग्यात नवी वेळ टाका, कारण दुसऱ्या ठिकाणीही एखादा जुना पासवर्ड राहिलेला असू शकतो आणि आधीच्या नोंदी शेजारी असल्या की मशीनचं नाव बदललं का ते लगेच कळतं.